'शेख' एक, स्पेलिंगं चार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सारोळ्याला घरी होतो. जेवणं झाल्यावर अब्बांनी फोन तोंडाजवळ धरला आणि माइकचं बटण दाबून म्हणाले, "शाहीर अमर शेख." फोनची भाषा मराठी असल्यामुळे शोधाच्या चौकटीत देवनागरी अक्षरं उमटली. खाली दोन-तीन जुनी ध्वनिमुद्रणं आली आणि अब्बा ऐकत बसले. तेच ॲप माझ्याही फोनवर होतं. मी सवयीप्रमाणे इंग्रजी अक्षरांत `Amar Shekh` टाइप केलं. माझ्याकडे कुणी शेखर आले, 'अमर' शब्द असलेली हिंदी गाणी आली, पण शाहीर काही आले नाहीत.

अब्बा म्हणाले, "एवढं इंजिनिअरिंग केलंस, पण तुझ्या फोनला आपलं नाव येत नाही."

त्यांनी हे गमतीनं म्हटलं असलं, तरी ते खरं होतं. शोधयंत्रं बनवण्याचं काम मी काही वर्षं केलं आहे, त्यामुळे हे का झालं ते मला कळत होतं. ते आपण सगळ्यांनी समजून घ्यावं असं मला वाटतं, कारण यात नुकसान आपलं जास्त आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, शोधयंत्र गाणं ऐकत नाही. गाणं चढवताना कुणीतरी शीर्षक, गायक, कवी असे रकाने भरतो. यंत्र त्या रकान्यांतले शब्द सुटे करून एक सूची बनवतं, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. कोणता शब्द कोणत्या गाण्यांत आहे, एवढंच त्या सूचीत असतं. आपण जे टाइप करतो ते या सूचीतल्या शब्दांशी जुळवलं जातं. संगणकासाठी 'श' म्हणजे `U+0936` आणि `s` म्हणजे `U+0073`. या दोघांचा उच्चाराशी काही संबंध आहे, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ज्यानं 'शाहीर अमर शेख' असं देवनागरीत लिहून गाणं चढवलं, त्याचं गाणं एका ढिगात पडलं. ज्यानं `Amar Shaikh` लिहिलं, त्याचं दुसऱ्या ढिगात. मध्ये पूल बांधला नसेल, तर एका काठावरून दुसरा दिसत नाही.

पण मग इंग्रजी अक्षरांतला ढीग तरी मला पूर्ण का दिसला नाही? कारण त्या ढिगातही शेखांची एक जागा नाही. देवनागरीत 'शेख' बहुतेक ठिकाणी एकाच तऱ्हेनं लिहिलं जातं. रोमनमध्ये आपल्याच भाऊबंदांची आधार कार्डं काढून बघा: `Shaikh`, `Sheikh`, `Shekh`, कधी `Sheik`. यातलं चूक कोणतंच नाही.

अशा वेळी शोधयंत्रं चुकभूल माफ करण्याची एक युक्ती वापरतात. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते मोजायचं आणि ठरावीक मर्यादेपर्यंत ते दोन्ही शब्द सारखे मानायचे. इलॅस्टिकसर्च नावाची प्रणाली पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तिच्यात ही सोय `AUTO` वर ठेवली, तर हिशेब असा असतो: एक-दोन अक्षरांच्या शब्दाला माफी नाही, तीन ते पाच अक्षरांना एक चूक माफ, त्याहून मोठ्या शब्दाला दोन.

आता हा हिशेब शेखांवर लावून बघू. `Shekh` ही पाच अक्षरं, म्हणजे एक चूक माफ. त्यात एक `i` घातला की `Sheikh` होतं, म्हणून तो सापडेल. `Shaikh` करायला मात्र `e` च्या जागी `a` आणि शिवाय एक `i`, असे दोन बदल लागतात. तो सापडणार नाही. उलट बाजूनं बघा. कुणी `Shaikh` टाइप केलं तर अक्षरं सहा, दोन चुका माफ, म्हणून त्याला `Shekh` सापडेल. म्हणजे त्याला मी दिसतो, पण मला तो दिसत नाही. माझ्या फोनवर शेखर का आले, त्याचं कारण याहून साधं आहे. टाइप करता करता निकाल दाखवणारी ॲप शब्दाची फक्त सुरुवात जुळवतात, आणि `Shekhar` ची सुरुवात `Shekh` अशीच होते.

गाण्याच्या नावांचंही असंच होतं. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' घ्या. कुणी `Mazi` लिहितो, कुणी `Majhi`. एकाचं दुसरं करायला दोन बदल लागतात आणि माफी एकाचीच आहे, कारण दोन्ही शब्द पाच अक्षरांच्या आत आहेत. म्हणून ही दोन रूपं एकमेकांना भेटत नाहीत. पण `Mazi` ला `razi` भेटतं आणि `Majhi` ला `Manjhi` भेटतं, कारण तिथे एकच अक्षर वेगळं आहे. आपल्याला 'झ' चा उच्चार एकच ऐकू येतो, यंत्र मात्र अक्षरं मोजतं.

यावर माझ्या व्यवसायातले मित्र सांगतात, "सोपं आहे, लिप्यंतर करायचं. देवनागरीचं रोमन करून दोन्ही ढीग एक करायचे." साध्या मराठी शब्दांसाठी हा उपाय बऱ्यापैकी चालतो. आपल्या नावांपाशी येऊन तो अडखळतो. लिप्यंतराचा नियम देवनागरी अक्षरांवरून चालतो, म्हणून तो 'शेख' चं `shekh` करतो. पण `Shaikh` हे स्पेलिंग मराठी उच्चारावरून आलेलंच नाही. ते अरबी-फारसी लेखनातल्या 'शैख' वरून आलं आणि इंग्रजी दप्तरांत रुळलं. 'सय्यद' चं `Syed` आणि 'काझी' चं `Qazi` असंच झालं. `Qazi` मधला `q` नियमानं कधीच निघणार नाही, कारण मराठी 'क' मध्ये त्याची खूणच नाही. म्हणजे जो उपाय 'कुलकर्णी' आणि 'जाधव' यांना पोहोचवतो, तो 'काझी' आणि 'शेख' यांना वाटेत सोडतो. यात कुणाचा वाईट हेतू नाही. नियम लिहिताना ही नावं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, एवढंच.

मग सगळ्यांनी देवनागरीतच शोधावं का? मला तसं वाटत नाही. त्या काठावरही खड्डे आहेत. अमर शेख यांचं नाव पुष्कळ जण 'अमरशेख' असं जोडून लिहितात. यंत्रासाठी तो तिसराच शब्द झाला. त्यात ना 'अमर' आहे ना 'शेख'. श्रीगोंद्याचे संतकवी, 'योगसंग्राम' लिहिणारे शेख महंमद, यांच्या अभंगांना लावलेलं नाव कुठे 'महंमद' असतं, कुठे 'महम्मद', कुठे 'मोहम्मद'. आपण मराठीत 'गझल' लिहितो, हिंदीवाले नुक्ते देऊन 'ग़ज़ल' लिहितात आणि घाईत असलेला माणूस 'गजल' लिहितो. त्यातही नुक्त्याचा 'ज़' दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण यंत्राला वेगळा:

```
import unicodedata as u
a = "\u095b"         # एकसंध अक्षर
b = "\u091c\u093c"   # ज आणि नुक्ता
print(a == b)                      # False
print(u.normalize("NFC", a) == b)  # True
```

शेवटच्या ओळीत केलं तसं सगळं एका साच्यात आणलं की हा प्रश्न मिटतो. काम एका ओळीचं आहे, पण ते कुणीतरी आठवणीनं करावं लागतं.

म्हणून माझं मत असं आहे: आपल्या नावांसाठी नुसता नियम पुरत नाही, यादी लागते. ग्रंथालयात जुने ग्रंथपाल हेच करत आले. एका माणसाची एक नोंद करायची, एक रूप मुख्य धरायचं आणि बाकी सगळी रूपं तिच्याखाली लिहायची. अमर शेख यांच्याबाबत हे विशेष गरजेचं आहे, कारण त्यांचं मूळ नाव पूर्ण वेगळं होतं. 1916 साली बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल पुढे अमर शेख झाले. अण्णा भाऊ आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव पोहोचला. मेहबूब पटेल पासून अमर शेख पर्यंत कोणतंही लिप्यंतर जाऊ शकत नाही. ते फक्त माहीतगार माणूस जोडू शकतो.

शोधयंत्र चालवणाऱ्यांसाठी ही यादी म्हणजे एका साध्या फाइलमधली एक ओळ असते:

```
शेख, shaikh, sheikh, shekh, sheik
```

या ओळीनं दोन्ही काठ जोडले जातात. धोकाही आहे. नुसतं 'शेख' शोधलं तर जगभरातले शेख समोर येतील. म्हणून 'अमर' आणि 'शेख' हे दोन्ही शब्द असलेलं गाणं वर आणावं लागतं, आणि 'अमरशेख' साठी त्या माणसाच्या नोंदीत पूर्ण नाव वेगळं लिहावं लागतं. ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी हे करावं, अशी मागणी करणं रास्त आहे. तक्रार करताना "सापडत नाही" एवढंच लिहू नका. कोणतं रूप टाइप केलं आणि कोणत्या रूपानं तेच गाणं सापडलं, ही जोडी द्या. दुरुस्ती करणाऱ्याला तीच हवी असते.

पण सगळं कंपन्यांवर सोडायचं कारण नाही. तुमच्या घरी मोहल्ल्यातल्या कव्वालीची कॅसेट असेल, आजीनं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या फोनवर असतील. त्या चढवताना शीर्षक दोन्ही लिप्यांत द्या, आणि वर्णनात नावाची जितकी रूपं तुम्हाला माहीत आहेत तितकी लिहा. विकिडेटावर प्रत्येक व्यक्तीच्या नोंदीत मराठी नाव आणि 'या नावानेही ओळखतात' अशा रूपांसाठी जागा असते. ती कुणालाही भरता येते. आपल्या भागातल्या एका शाहिराची नोंद उघडून बघा, काय राहिलं आहे ते लगेच दिसेल.

त्या रात्री मी `Amar Shaikh` असं टाइप करून पाहिलं. तेव्हा आणखी एक ध्वनिमुद्रण मिळालं, जे अब्बांच्या यादीत नव्हतं. ते मी त्यांना पाठवलं. ते ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे मला आधी का नाही दिसलं?" मी म्हटलं, "ज्यानं चढवलं, त्यानं ते फक्त इंग्रजीत लिहिलंय." ते म्हणाले, "मग त्याला कळव की." मी त्या माणसाला निरोप पाठवला आहे. शीर्षकात 'शाहीर अमर शेख' एवढी तीन अक्षरजोडं घाला, एवढीच विनंती केली आहे.