ठरलेली तारीख दुसऱ्याला दिली, तर?

मैत्रिणींनो, या आठवड्यात मिरजेच्या एका भगिनीचं पत्र घेतलं आहे. त्यांच्या मुलीचं लग्न १२ डिसेंबरला. ऑगस्टमध्येच त्यांनी मंगल कार्यालय ठरवलं, ८०,००० रुपये भाड्यापैकी २५,००० आगाऊ भरले, पावती घेतली. पत्रिका छापून आल्या आणि २० ऑक्टोबरला व्यवस्थापकांचा फोन आला, "वहिनी, जरा घोटाळा झालाय. त्या दिवशी दुसरी पार्टी आहे. तुमचे पैसे घेऊन जा, नाहीतर १९ तारीख देतो." एकोणीसला धनुर्मास लागलेला, आणि त्यांच्या घरी त्यात लग्न करत नाहीत. बाई विचारतात, "यांना घेऊन तिथे भांडायला जाऊ का?"

आधी पत्र लिहा, मग हवं तर जा. कचेरीत कितीही आवाज चढवला तरी त्याची नोंद कुठेच राहत नाही. उद्या "तारीख पक्की केलीच नव्हती, नुसती धरून ठेवली होती" असं ते म्हणाले की तुमच्याकडे उत्तर नाही.

पत्राला बसण्यापूर्वी पावती नीट वाचा. सगळी मदार तिच्यावर आहे. कितीतरी पावत्यांवर पैसे भरल्याचा दिवस असतो, पण कार्याचा नसतो! या बाईंच्या पावतीवर सुदैवाने "११ डिसेंबर दुपारी ४ ते १२ डिसेंबर संध्याकाळी ५" असं स्पष्ट लिहिलं आहे. तुमच्या पावतीवर तसं नसेल तर तारखेबद्दलचे मोबाइलवरचे निरोप शोधा, ते पुसू नका. पावतीच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटीही वाचा. "उरलेली रक्कम अमुक दिवसांत न भरल्यास तारीख रद्द" अशी अट असेल आणि तुमचा हप्ता चुकला असेल, तर कार्यालयाची बाजू बळकट होते. या बाईंना उरलेले ५५,००० कार्याच्या आठ दिवस आधी द्यायचे होते, म्हणजे तो प्रश्नच नाही. "तारीख रद्द झाल्यास फक्त भरलेली रक्कम परत मिळेल" असंही पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. ते वाचून हात टेकू नका. अट छापली म्हणून ती कायद्यापुढे टिकतेच असं नाही.

आणखी एक. पावती ज्याच्या नावाची, पत्रावर सही त्याचीच हवी. इथे ती यजमानांच्या नावे आहे. मजकूर तुम्ही लिहा, सही त्यांची घ्या.

आता नमुना देते. रागाचे शब्द यात मुद्दाम नाहीत. "तुम्ही जास्त पैसे खाऊन तारीख विकलीत" हे मनात असलं तरी लिहू नका. दुसऱ्या पार्टीने जेवणाचं कंत्राटही कार्यालयालाच दिलं असेल, किंवा मालकांची वही घरी आणि कारकुनाची कचेरीत, असंही झालं असेल. ते सिद्ध करणं आपलं काम नाही. तारीख दिली होती आणि काढून घेतली, एवढंच पुरे.

"व्यवस्थापक यांस,
स.न.वि.वि. आपल्या कार्यालयात माझ्या मुलीच्या विवाहासाठी ११ डिसेंबर दुपारी ४ ते १२ डिसेंबर संध्याकाळी ५ ही वेळ मी ९ ऑगस्ट रोजी निश्चित केली व रु. २५,००० आगाऊ भरले. पावतीची प्रत सोबत आहे. २० ऑक्टोबर रोजी सकाळी आपण माझ्या पत्नीस फोनवर कळवले की, ही तारीख दुसऱ्या पक्षास दिली आहे. मी बुकिंग रद्द केलेले नाही व करत नाही. सुचवलेली १९ डिसेंबर ही तारीख आम्हांस मान्य नाही.
तरी ठरलेली तारीख आम्हांस कायम केल्याचे लेखी कळवावे. ते शक्य नसल्यास त्याच दिवशी, शहरात, तेवढ्याच सोयींचे दुसरे कार्यालय आपण मिळवून द्यावे व भाड्यातील फरक आपण सोसावा. दोन्ही न झाल्यास आगाऊ रक्कम, दुसऱ्या कार्यालयाचा जादा खर्च व पत्रिका पुन्हा छापण्याचा खर्च आपणांकडून घेतला जाईल. २७ ऑक्टोबरपर्यंत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल.
कळावे."

खाली सही, पत्ता आणि पत्राची तारीख. बाईंनी हे २२ ऑक्टोबरला द्यायचं, म्हणजे त्यांना पाच दिवस मिळतात. याहून लांब मुदत देऊ नका, लग्नाला सातच आठवडे उरलेत. दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख अशी पोच घ्या. पोच द्यायला कां-कूं केली तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

उत्तराची वाट पाहत मात्र बसू नका. त्याच दिवसापासून दुसरं कार्यालय शोधायला लागा. एक तर हातात वेळ नाही, आणि दुसरं म्हणजे आपलं नुकसान कमी व्हावं म्हणून आपणही खटपट केली पाहिजे, अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. मिळालं ते कार्यालय समजा १,०५,००० ला पडलं, तर २५,००० चा फरक मागता येतो. पत्रिका पुन्हा छापायला ९,००० लागले तर तेही, छापखान्याच्या बिलासकट. शिवाय भरलेले २५,००० आहेतच. म्हणजे मागणी ५९,००० ची झाली. मात्र ८०,००० चं कार्यालय गेलं म्हणून दोन लाखांचा हॉल घेतला, तर तो सगळा फरक पदरात पडेल असं समजू नका.

आणि आता ज्या ठिकाणी भल्याभल्या फसतात ते सांगते. दोन दिवसांनी व्यवस्थापक गोड आवाजात बोलावतात, "पैसे तयार आहेत, पावती आणा आणि इथे सही करा." त्या कागदावर लिहिलेलं असतं, "हिशोब पूर्ण, काही तक्रार नाही." सही केली आणि मूळ पावती देऊन टाकली, की बाकीची मागणी लटकी पडते. पैसे घ्यायला हरकत नाही, आपलेच आहेत! पण "आगाऊ रक्कम रु. २५,००० परत मिळाली, नुकसानभरपाईचा हक्क राखून" एवढंच लिहून द्या. मूळ पावती स्वतःजवळ ठेवा, त्यांना छायाप्रत द्या. आग्रहच धरला तर पैसे तिथेच राहू द्या आणि बँक खात्यात भरायला सांगा.

२७ तारीख उलटून गेली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथून कार्यालयाशी बोलणी केली जातात, काही वेळा तेवढ्यानेही मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे घटना घडल्यापासून दोन वर्षांत तिथे तक्रार करता येते, वकील लावायलाच हवा असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. पण निकाल सनई वाजायच्या आत लागेल या भरवशावर राहू नका. आयोगाकडून पैसे मिळतील ते सावकाश. तोवर पावती, पोच घेतलेली प्रत, नव्या कार्यालयाचं बिल आणि छापखान्याचं बिल एका पाकिटात घालून, लग्नाच्या गडबडीत हरवणार नाही अशा जागी ठेवा.