लाल डागाची वाट पाहू नका

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घरी जाऊन तपासणे हे माझे काम. अलीकडे घरात पाऊल ठेवण्याआधीच रुग्णाची पाठ माझ्या फोनवर येऊन पोहोचलेली असते. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका घरातून असेच चार फोटो आले. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. घरात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले आणि घरी सोडले. सूनबाईंनी मनापासून सेवा केली. तरीही तीन आठवड्यांत कमरेखाली, माकडहाडाच्या वर, लिंबू बसेल एवढा खड्डा पडला होता.

ते चार फोटो मी जपून ठेवले आहेत. कुटुंबाची परवानगी घेऊन, चेहरा नसलेले. बेडसोअरच्या पायऱ्या समजावून सांगायला मला त्यांचा फार उपयोग होतो. इंटरनेटवरच्या बहुतेक फोटोंमध्ये नसते ते त्यांत आहे: आपल्या रंगाची कातडी.

पहिल्या फोटोत काय दिसते? दहा रुपयांच्या नाण्याएवढा एक जांभळट, काळसर डाग. कातडी कुठेही फाटलेली नाही. सूनबाई म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मी मोबाइलवर बघितलं होतं. तिथं सगळीकडे लालभडक दाखवतात. आईंना लाल कुठं झालं होतं? मला वाटलं डायपरचा डाग असेल, नाहीतर मळ.’’ आणि त्यांनी तो डाग रोज तेल लावून चोळला.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बेडसोअरच्या पहिल्या पायरीची व्याख्याच मुळी ‘लालसरपणा’ या शब्दाभोवती बांधलेली आहे. ती गोऱ्या कातडीवर सहज दिसते. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली लपते. तिथे डाग आजूबाजूपेक्षा गडद, तपकिरी, जांभळट किंवा नुसता चकाकता दिसतो. म्हणून आपल्या घरात डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवावा लागतो.

पद्धत सोपी आहे. रुग्णाला कुशीवर वळवा. खिडकीतला उजेड पडेल असे बघा, कारण ट्यूबलाइटमध्ये आणि फोनच्या फ्लॅशमध्ये रंगातला फरक पुसला जातो. संशयाच्या जागी बोट तीन सेकंद दाबून धरा आणि उचला. निरोगी कातडी क्षणभर फिकी पडते आणि रंग परत येतो. डाग जसाच्या तसा राहिला तर ती पहिली पायरी. गडद कातडीवर हे फिकेपण ओळखता येत नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा. ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा गार लागते का? टणक किंवा उलट पिलपिलीत लागते का? हात लावल्यावर रुग्ण कण्हतो का? यातले एक जरी ‘हो’ आले तरी फोटो लाल आहे की नाही याची वाट बघायची नाही.

बराच वेळ एका कुशीवर झोपल्यावर आपल्यालाही कातडीवर खूण उठते. ती साधारण अर्ध्या तासात विरते. दाब काढूनही विरत नाही ती खूण मात्र खालच्या इजेची असते. अशा जागेवर दाब येऊ द्यायचा नाही, एवढाच त्या पायरीचा उपचार. पावडर नको, स्पिरिट नको आणि चोळणे तर मुळीच नको. चोळल्याने ‘रक्त खेळते’ असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पण आधीच दुखावलेल्या केसांएवढ्या रक्तवाहिन्या त्या चोळण्याने आणखी फाटतात.

दुसरा फोटो तीन दिवसांनंतरचा. डागावर फोड येऊन फुटला आहे आणि खाली ओलसर, गुलाबी भाग उघडा पडला आहे. सोललेल्या गुडघ्यासारखा. ही दुसरी पायरी: कातडीचा वरचा थर गेलेला, पण जखम उथळ. इथे घरोघरी एक गोंधळ होतो. लघवी-शौचाच्या ओलीने सोललेली कातडीही अशीच दिसते. फरक जागेत असतो. ओलीची जखम नितंबांच्या फटीत आणि जांघेत पसरट, वेड्यावाकड्या कडांची असते. दाबाची जखम हाडाच्या उंचवट्यावर नेमकी बसते. आजींच्या बाबतीत सूनबाईंनी ओलीची जखम समजून डायपर रॅशचे मलम लावले. मलमाने काही बिघडले नाही, पण आजी मात्र त्याच जागेवर उताण्या झोपून राहिल्या.

तिसरा फोटो मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो बघून घरातल्यांना हायसे वाटले. आठवडाभराने तिथे काळी, चामड्यासारखी खपली धरली होती. कडेला पिवळट बुळबुळीत रेघ. ‘खपली धरली म्हणजे भरत आलं,’ असा निरोपही सोबत होता. गुडघा खरचटल्यावर ते खरे असते. इथे ती काळी खपली म्हणजे मेलेले मांस. तिच्याखाली जखम किती खोल आहे हे फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरलाही नाही. म्हणूनच अशा जखमेला पायरीचा आकडा देत नाहीत, ‘ठरवता न येणारी’ असे नोंदवतात. ती घरी सोलून काढायची नाही. टाचेवरची कोरडी, घट्ट, आजूबाजूला सूज नसलेली काळी खपली तर डॉक्टरही अनेकदा तशीच राहू देतात.

चौथा फोटो सर्जनने मेलेला भाग काढल्यानंतरचा. आत पांढुरके हाड दिसते. ही चौथी पायरी. तिसऱ्या पायरीत जखम कातडीखालच्या चरबीपर्यंत जाते. चौथीत स्नायू, हाड किंवा सांध्यापर्यंत. वरचे तोंड लहान आणि आत कडांखाली पोकळी पसरलेली, असेही असते. त्यामुळे ‘फोटोत तर एवढीशीच दिसते’ या वाक्यावर विसंबू नका.

आता या चार फोटोंनी दिशाभूल कुठे होते ते सांगते. ते ओळीने लावले की वाटते, जखम वरून खाली एकेक पायरी उतरत गेली. आजींच्या बाबतीत तसे झाले नव्हते. दाब सर्वांत जास्त असतो हाडालगत, आणि स्नायू कातडीपेक्षा आधी मरतो. देठाशी आतून नासलेल्या आंब्याला बाहेर फक्त एक मऊ काळा ठिपका दिसतो, तसा तो पहिल्या फोटोतला जांभळट डाग होता. आतले नुकसान तेव्हाच होऊन गेलेले होते. पुढचे दोन आठवडे ते फक्त वर येत राहिले. म्हणून जांभळा डाग दिसला तर कातडी शाबूत असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या या विषयाच्या सल्लागार मंडळाने ‘व्रण’ ऐवजी ‘दाबामुळे झालेली इजा’ असा शब्द घेतला. कातडी न फाटताही इजा झालेली असते, हे त्यातून स्पष्ट होते. मला तो बदल पटतो.

मग माझी तक्रार कुणाशी? आजींच्या डिस्चार्ज कार्डावर सात औषधे वेळेसह लिहिलेली होती आणि शेवटी फक्त दोन शब्द होते: ‘बॅक केअर’. म्हणजे काय करायचे, कुणी करून दाखवले नाही. खरे तर सुट्टी देण्याआधी नर्सने दहा मिनिटे घेऊन, रुग्णाच्याच पाठीवर, सुनेचे किंवा ब्यूरोच्या मावशींचे बोट धरून ही दाबून बघण्याची पद्धत शिकवायला हवी. वॉर्डात तक्ता लावायचाच तर सावळ्या कातडीचे फोटो असलेला लावा. आणि खड्ड्याचा भीषण फोटो सर्वांत मोठा छापू नका. तो बघून माणसे घाबरतात, मान फिरवतात आणि ‘आपल्याकडे असलं काही नाही’ म्हणून निर्धास्त होतात.

दुसरी गोष्ट, बेडसोअर झाला म्हणजे घरच्यांनी हेळसांड केली, हा समज. त्या लाजेपायी फोटो उशिरा येतात. नणंद काय म्हणेल, दीर काय म्हणेल, म्हणून जखम झाकली जाते. माझा आग्रह असा की फोटो काढा, पण डॉक्टरांसाठी. रुग्णाला विचारून काढा; त्या पाठीला माणूस आहे. फ्लॅश बंद, दिवसाचा उजेड, शेजारी शाळेची पट्टी, दर वेळी त्याच कुशीवर आणि तेवढ्याच अंतरावरून. आठवड्यातून एकदा पुरे. तारखेची चिठ्ठी पट्टीशेजारी ठेवा. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. आणि फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी शब्दांत लिहा: वास येतो का, स्राव किती, ताप आहे का, रुग्ण जास्त गुंगीत आहे का. ताप, दुर्गंधी, पू, भोवती पसरत जाणारी गरम सूज यांपैकी काही असेल तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, रुग्णालयात न्या.

आजींच्या घरी आम्ही काय बदलले? साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण आडवी कूस नाही. पाठीमागे उशी देऊन तीस अंशांचा तिरकेपणा, म्हणजे खुब्याच्या हाडावरही भार येत नाही. जखमेच्या जागेवर उताणे झोपवणे बंद. डोक्याकडची बाजू जेवणापुरतीच उंच, कारण उंच ठेवली की शरीर खाली घसरते आणि कातडी हाडावर ताणली जाते. वर सरकवताना ओढायचे नाही, दोघांनी चादरीसकट उचलायचे. पोटरीखाली उशी, टाच हवेत. मध्ये भोक असलेली हवेची चकती काढून टाकली. ती कडेने दाबून मधला रक्तपुरवठाच कमी करते. एअर मॅट्रेस आधीपासून होती, पण ती आहे म्हणून रात्री कूस बदलणे थांबले होते. आजींच्या कमरेच्या सरळ खाली, गादीच्या तळाशी हात घातला तर हाताला हाड लागत होते. हवा कमी होती. जेवणात अंडे, डाळ, दूध वाढवले, कारण प्रोटीनशिवाय मांस भरत नाही. ड्रेसिंग सर्जनच्या सल्ल्याने नर्स करत असे. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली मात्र मी स्वतः कपाटातून बाहेर काढली.

खड्डा भरायला पाच महिने लागले. मधल्या एका भेटीत मुलाने आनंदाने विचारले, ‘‘आता चौथ्यावरून दुसऱ्या पायरीवर आली ना?’’ तसे होत नाही. गेलेला स्नायू आणि चरबी परत येत नाही, तिथे व्रणाची ऊती भरते आणि ती मूळ कातडीइतकी मजबूत कधीच होत नाही. नोंद ‘भरत असलेली चौथी पायरी’ अशीच राहते.

सूनबाई अजूनही रविवारी सकाळी, आंघोळीआधी, फोटो पाठवतात. गेल्या रविवारी पाठीचा नव्हता, डाव्या टाचेचा होता. खाली लिहिले होते, ‘लाल नाही. पण उजवीपेक्षा गरम लागते. उशी सरकवली आहे.’