कर्ज काढून दागिना : पावती समोर ठेवून केलेला हिशोब



सोयाबीनचं खळं उरकलं की आमच्याकडं दोन विषय निघतात. एक जनावराचा बाजार आणि दुसरा सोनं. यंदा दुसऱ्याचाच जोर जास्त आहे. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, सोनं कुठच्या कुठं गेलं, कर्ज काढून घेतलं असतं तरी परवडलं असतं. भावकीतला एक पुतण्या तर कागदच घेऊन आला. "तात्या, पतसंस्था चौदा टक्क्यानं तीन लाख देतीय. सोनं त्याच्यापेक्षा जास्त वाढतंय. मंडळीला तीन तोळ्यांची मोहनमाळ करतो. तीन वर्षांनी कर्ज फिटलं की माळ फुकटात पडली, असंच की!"

त्याला तोंडी नाही म्हणण्यापेक्षा दोघं बसलो आणि पेनानं हिशोब मांडला. तो म्हणाला, पेजवर टाका, बाकीच्यांनाही कळू द्या. म्हणून लिहितोय. दर सोपा धरलाय, 22 कॅरेटचा तोळा म्हणजे 10 ग्रॅम 90 हजार. तुमच्या दिवशीचा दर वेगळा असेल, पण टक्के साधारण हेच राहतात.

तीन तोळे सोन्याचे झाले 2 लाख 70 हजार. त्यावर घडणावळ, म्हणजे मजुरी. मोहनमाळेला 12 टक्के धरली. साधं कडं-अंगठी असेल तर कमी लागते, बारीक नक्षीला वीसच्या पुढंही जाते. इथं झाली 32 हजार 400. दोन्ही मिळून 3 लाख 2 हजार 400, त्यावर 3 टक्के जीएसटी 9 हजार 72. पावती झाली 3 लाख 11 हजार 472 रुपयांची. तीन लाख कर्ज आणि वरचे साडेअकरा हजार घरातले.

आता तीच माळ दुसऱ्या दिवशी मोडायला नेली असं समजा. मजुरी परत येत नाही. जीएसटी परत येत नाही. सराफ फक्त सोन्याचं वजन बघतो. रोख पैसे पाहिजेत म्हटलं की त्यातही घट धरतो. कोण दोन टक्के धरतो, कोण पाच. आपण तीन धरू. हातात येतात 2 लाख 61 हजार 900. म्हणजे दुकानाच्या पायरीवरून खाली उतरतानाच जवळजवळ 50 हजार गेले. पावतीएवढे पैसे परत यायला दर 90 हजारांवरून 1 लाख 7 हजारांवर जायला पाहिजे. एकोणीस टक्के वाढ, आणि यात व्याजाचा अजून एक रुपया धरलेला नाही.

लोक इथंच फसतात. टीव्हीवर, मोबाईलवर जो दर दिसतो तो सोन्याचा असतो. आपण घेतो दागिना. सोनं दहा टक्के वाढलं तर आपला दागिना दहा टक्के वाढला असं वाटतं, पण तो अजून खड्ड्यातच असतो. खड्यांचा किंवा मीनाकामाचा दागिना असेल तर खड्डा आणखी खोल, कारण मोडताना खड्यांचं वजन वजा होतं. पावतीवर ढोबळ वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहिलंय का, हे घेतानाच बघा. हॉलमार्क आणि त्याचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी नंबर असला की कॅरेटबद्दल वाद राहत नाही, पण मजुरी तेवढ्यानं परत येत नाही.

आता कर्ज. तीन लाख, चौदा टक्के, घटत्या शिलकीवर, तीन वर्षं. महिन्याचा हप्ता येतो 10 हजार 253. दुधाच्या बिलातून भरणार म्हणाला. छत्तीस हप्त्यांचे 3 लाख 69 हजार, म्हणजे व्याज 69 हजार. त्यात घरातले साडेअकरा हजार मिळवा. एकूण खिशातून गेले 3 लाख 80 हजार 600 च्या आसपास. प्रोसेसिंग फी आणि शेअरची कपात मी सोडून दिली.

तीन वर्षांनी मोडताना हे सगळे पैसे निघायचे तर तोळ्याचा दर 1 लाख 31 हजाराच्या जवळ पाहिजे. म्हणजे पंचेचाळीस टक्के वाढ. दरवर्षी सलग तेरा टक्क्यांच्या वर. तेव्हा कुठं फायदा शून्य आणि तोटा शून्य. पुतण्या म्हणाला, "मग वाढेल की तेवढं!"

वाढेलही. पण मागचं बघू. चोख सोन्याचा 10 ग्रॅमचा वर्षाचा सरासरी दर 2012 साली 31 हजारांच्या आसपास होता. 2015 ला तो 26 हजारांच्या घरात आला. 2018 ला परत 31 हजार. सहा वर्षं सोनं जिथल्या तिथं. 2012 ला असं कर्ज काढून कोणी माळ केली असती, तर 2015 ला शेवटचा हप्ता भरताना सोन्याचीच किंमत पंधरा-सोळा टक्के खाली होती, मजुरी आणि व्याज वेगळंच. त्या वेळीसुद्धा सगळे हेच म्हणत होते की सोनं कधी खाली येत नाही. त्याच्या आधीच्या तीन-चार वर्षांत मोठी तेजी झाली होती ना. तेजी बघूनच माणूस कर्ज काढतो. मंदीत कोणाला सोन्यासाठी पतसंस्थेत जाताना मी बघितलेलं नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल तात्या एकतर्फी लिहितो. 2019 च्या मध्यात घेतलेल्याला 2020 ला चांगली वाढ मिळाली. 2024 च्या सुरुवातीला कोणी कर्ज काढून घेतलं असेल तर त्याचं व्याज आणि मजुरी दोन्ही भरून निघाली, कारण तेव्हा 63 हजारांच्या आसपास असलेलं सोनं 2025 मध्ये लाखाच्या वर गेलं. हे खरं आहे. पण 2012 पासून 2024 च्या अखेरीपर्यंतची वाढ काढली तर वर्षाला आठ टक्क्यांच्या आतबाहेर पडते. 2025 ची तेजी धरली तरी अकरा-बारा. आपल्याला पाहिजेत तेराच्या वर, आणि तेसुद्धा नेमके आपल्या हप्त्यांच्या तीन वर्षांत. पाऊस सरासरीएवढा पडला म्हणून पीक येतंच असं नाही, तो पेरणीला आणि शेंगा भरताना पडावा लागतो. तसंच हे.

बँकांनाही याचा अंदाज असावा. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2012 मध्ये बँकांना सांगितलं की कोणत्याही रूपातलं सोनं विकत घ्यायला कर्ज देऊ नका, दागिनेसुद्धा त्यात आले. म्हणून कर्ज निघतं ते घरगुती कारणाच्या नावानं, आणि त्या कर्जाचा दर सगळ्यात चढा असतो.

आता आपल्या शेतकऱ्यांची खास युक्ती. "पीककर्ज तर शून्य टक्क्यानं आहे, त्यातूनच घेऊ." हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण हे करणारे गावात बरेच आहेत. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं, हे बरोबर. मग दीड लाख उचलले, त्यातल्या लाखभराचा एक तोळ्याचा दागिना केला. व्याज शून्य, सोनं वाढेल तेवढा नफा. ऐकायला झकास.

पण ते पैसे होते खत, बी, फवारणीचे. ते काम थांबत नाही. मग खत-औषध कृषी सेवा केंद्रातून उधारीवर येतं. समजा साठ हजारांची उधारी, महिन्याला दोन टक्के, जूनपासून सहा महिने. 7 हजार 200 व्याज झालं. उधारीच्या मालाला रोखीचा भाव मिळत नाही, ते वेगळं. आणि उधारी फेडायची म्हणून सोयाबीन ओलसर असतानाच, बाजारात आवक तुंबलेली असताना घालावं लागतं. पीककर्ज शून्य टक्क्याचं दिसतं, पण त्या दागिन्यासाठी तुम्ही खरं कर्ज काढलं ते दुकानदाराकडनं, वर्षाला चोवीस टक्क्यानं. ज्या पैशाची जागा सोन्यानं घेतली, त्या जागी काय आणलं ते बघा. व्याज तिथं लपलेलं असतं.

भरण्याची तारीख आली की दुसरी अडचण. दागिना मोडायचा तर वर्षात एकोणीस टक्के वाढ नसेल तर तोटा. घरात मोडू देत नाहीत, तेही खरंच. मग चार दिवसांसाठी कोणाकडनं तरी पैसे उचलून नवं-जुनं करायचं. आणि थकलं, की सवलत गेली आणि पहिल्यापासूनचं व्याज बसलं. एरवी तोच दागिना गहाण ठेवून कर्ज भरायचं. तिथंही मजुरी कोणी धरत नाही, निव्वळ सोन्याच्या किमतीतूनही काही भाग कापूनच रक्कम देतात. म्हणजे सोनं लॉकरमध्ये बँकेच्या, आणि व्याज आपल्या डोक्यावर.

"दागिना अंगावर घालायला मिळतो, त्याचं काय?" असं आमच्या घरातनंच विचारलं. त्याला माझं काही म्हणणं नाही. हौस असेल तर हौसेचा खर्च म्हणून करा, पण मग त्याला गुंतवणूक म्हणू नका. घरचं लग्न ठरलंय आणि महिन्याभरात दागिना पाहिजेच, अशी वेळ असते. तेव्हा तोळे कमी करा, कमी मजुरीचा नमुना घ्या, घरातलं न वापरातलं जुनं सोनं मोडून त्यात घाला, आणि कर्ज उरेल तेवढंच काढा. कर्ज तीन लाखांचं एक लाख झालं तर व्याजही तिसऱ्या हिश्शावर येतं.

पुतण्याला मी एकच गोष्ट सुचवली. हप्ता 10 हजार 253 भरायची तयारी आहे ना? मग तेवढेच दर महिन्याला बाजूला टाक. दोन-तीन महिन्यांनी दोन-तीन ग्रॅमचं वेढणं घे. चोख सोनं, मजुरी नावाला. दर वाढला तर आधी घेतलेल्या वेढण्यांना वाढ मिळेल, पडला तर पुढची स्वस्त पडतील. सोनं खूप पळालं तर तीन वर्षांनी तीन तोळे भरणार नाहीत, अडीचच होतील, हे त्याला आधीच सांगून ठेवलंय. पण म्हैस आटली, दुधाचं बिल कमी आलं, तर त्या महिन्यात वेढणं घ्यायचं नाही, एवढंच. पतसंस्थेचा हप्ता तसा थांबत नाही. माळ करायची तेव्हा तीच वेढणी सराफाकडं द्यायची आणि मजुरीचे पैसे भरायचे.

तो अजून विचार करतोय. मंडळीला विचारून सांगतो म्हणालाय.

कोणाकडं पाच-दहा वर्षांपूर्वीची दागिन्याची पावती असेल तर वजन, त्या दिवसाचा दर, मजुरी आणि कर्ज काढलं असेल तर त्याचा टक्का खाली लिहा. नाव-गाव नको. रात्री धारा झाल्यावर बसून हिशोब मांडून देतो.