शिष्यवृत्ती हक्काची, पण किल्ली रिचार्जची!



हिंगोलीच्या खेड्यातली एक मुलगी पुण्यात शिकायला येते, असे धरू. तिच्या आधारला जोडलेला नंबर घरचाच, जुना. वसतिगृहात त्याला रेंज नाही, म्हणून ती नवे सिम घेते. हातात मोजके पैसे असल्याने जुन्या सिमचा रिचार्ज थांबतो. आधी आउटगोइंग बंद होते, मग इनकमिंग. नेमके तेव्हाच महाडीबीटीवर आधारने ओळख पटवायची असते आणि ओटीपी त्या बंद नंबरवर जातो.

लोक म्हणतात, "निष्काळजीपणा." आम्ही म्हणतो, हिशेब करा. अठ्ठावीस दिवसांचा पॅक दोनशेच्या आसपास. वर्षाला तेरा रिचार्ज, म्हणजे सुमारे छब्बीसशे रुपये, आणि तेही फक्त ओटीपीसाठी! ज्या घराचे उत्पन्न मर्यादेखाली आहे म्हणून शिष्यवृत्ती मिळते, त्याच घराकडून हा टोल वसूल होतो.

ट्रायचा 2013 चा नियम आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. प्रीपेड नंबर 90 दिवस वापरला नाही, तरच तो बंद करता येतो. मुख्य बॅलन्समध्ये वीस रुपये असतील, तर तेवढे कापून मुदत 30 दिवसांनी वाढवायची असते. पण हे पैसे टॉपअपचे हवेत, पॅकचे नव्हेत. आणि नुसता ओटीपी येणे 'वापर' धरला जात नाही. कॉल, पाठवलेला एसएमएस किंवा डेटा लागतो. या वीस रुपयांनी नंबर वाचतो, पण इनकमिंग सुरू राहीलच असे नाही. म्हणून अर्जाच्या काळात पॅक मारावाच लागतो.

नंबर कायमचा गेला, तर किमान 90 दिवसांनंतर तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग आपला ओटीपी परक्याच्या हातात! आधारमधला नंबर बदलायला शुल्क भरायचे आणि तोवर अर्जाची मुदत धावत असते.

म्हणून शहरात येताच नवे सिम घेण्याआधी जुना नंबरच रेंज असलेल्या कंपनीकडे पोर्ट करा. 2015 पासून देशभर कुठेही तो नेता येतो. सिम वडिलांच्या नावावर असेल, तर निघण्यापूर्वी गावातच हे काम उरका.

पण प्रश्न पोरांच्या हुशारीवर सोडून शासनाला सुटता येणार नाही. आधारची ओळख बोटाच्या ठशानेही पटते. मग ठसा घेणारे यंत्र प्रत्येक महाविद्यालयात आणि समाजकल्याण कार्यालयात का नाही? ओटीपी आला नाही म्हणून एकही अर्ज अडता कामा नये. संविधानाने दिलेला हक्क खाजगी कंपनीच्या पॅकवर टांगून ठेवायचा अधिकार शासनाला कुणी दिला? आपापल्या महाविद्यालयात हे यंत्र आहे का, ते लेखी विचारा. नसेल, तर त्याच उत्तराची प्रत घेऊन समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या दारात उभे राहू.