मशेरीसुद्धा तंबाखूच, फॉर्मवर लिहा!

विम्याचा फॉर्म विचारतो, 'तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेता का?' आपल्याकडे त्याचा अर्थ होतो 'सिगारेट ओढता का?' मग मशेरी लावणारी बाई असो की चुना-तंबाखू मळणारा गडी, एजंट 'नाही' लिहून मोकळा. सही मात्र यांची!

समजा, ५० लाखांचा टर्म प्लॅन आहे. खरं सांगितलं असतं तर वर्षाचा हप्ता १० ऐवजी १५ हजार पडला असता. दुसऱ्याच वर्षी माणूस गेला आणि दवाखान्याच्या केसपेपरवर 'दहा वर्षांपासून तंबाखू' असं निघालं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या ३ वर्षांत कंपनी अशा लपवाछपवीवरून पॉलिसीलाच आव्हान देऊ शकते. दोन वर्षांत वाचले १० हजार, पणाला लागले ५० लाख. आणि भोगायचं कुणी? मागे राहिलेल्या पोराबाळांनी.

'तीन वर्षं काढली की झालं' म्हणणारे भेटतात. पण मरण तारीख बघून येत नाही. शिवाय आरोग्य विम्यात ही मुदत ५ वर्षांची आहे आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरही सुटका नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. मराठी फॉर्मवर मशेरी, गुटखा, तपकीर ही नावंच छापा, म्हणजे पळवाट कुणालाच उरणार नाही. तोवर पॉलिसीसोबत आलेली फॉर्मची प्रत स्वतः वाचा. 'नाही' चुकीचं असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवा. वाढीव हप्ता परवडत नसेल, तर पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात.