ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं



यंदाच्या उन्हाळ्यात आपल्या मंडळातल्या एका मुलीचा फोन आला. जन्म इथलाच, मराठी घरात ऐकून आलेलं. ती ज्या कंपनीत काम करते, तिचा एक कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. तिथल्या कामगारांना दाखवायची बारा मिनिटांची फिल्म इथे इंग्रजीत तयार झाली होती आणि तिचा मराठी मजकूर एका एजन्सीकडून करून आला होता. "काका, फक्त शुद्धलेखन बघाल का? मला वाचताना काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाहीये."

शुद्धलेखनात एकही चूक नव्हती. पण पहिलंच वाक्य होतं: 'या प्रशिक्षणात आपण टाळेबंदीची कार्यपद्धती समजून घेणार आहोत.'

ज्यांनी मुंबईतल्या गिरण्यांचा काळ पाहिलाय त्यांना मी का हसलो ते कळलं असेल. मुलांसाठी सांगतो. मालकानं कारखान्याला टाळं ठोकून कामगारांना बाहेर ठेवणं, याला मराठीत टाळेबंदी म्हणतात. इंग्रजीत त्यालाही लॉकआउटच म्हणतात, आणि एजन्सीनं शब्दकोशातला तो अर्थ उचलला होता. कामावर रुजू होऊन चार दिवस झालेल्या माणसाला कंपनी कारखाना बंद कसा करते, याचं शिक्षण देणार होती!

फिल्ममधला लॉकआउट अगदी वेगळा आहे. मशीन दुरुस्त करताना किंवा त्यात अडकलेला माल काढताना दुसऱ्या कुणीतरी नकळत ते चालू केलं, तर आत हात असलेल्या माणसाचा हात जातो, कधी जीवही जातो. म्हणून मशीन बंद करायचं, त्याची वीज आणि हवा तोडायची आणि त्या स्विचला कुलूप घालायचं. कुलपावर आपल्या नावाचा टॅग लावायचा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. अमेरिकेत 1989 साली यासाठी सरकारी नियम झाला आणि अमेरिकी कंपन्यांनी ही पद्धत आपल्या परदेशातल्या कारखान्यांतही नेली. म्हणजे भाषांतर कसं झालंय यावर इथे कुणाची तरी बोटं अवलंबून होती.

आता फिल्ममधलं मुख्य वाक्य बघा. एजन्सीचं मराठी असं होतं: 'उपकरणाची देखभाल अथवा दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी सर्व ऊर्जास्रोतांचे विलगीकरण करण्यात आले असून संचयित ऊर्जा विमुक्त करण्यात आली असल्याची अधिकृत कर्मचाऱ्याने खातरजमा करावी.'

यातला प्रत्येक शब्द मूळ इंग्रजीला धरून आहे. पण हे वाक्य कानानं ऐकायचं आहे आणि ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. 'विलगीकरण' म्हटलं की त्याला करोनातली खोली आठवते. विलगीकरण 'करण्यात आले', पण कुणी केलं? 'अधिकृत कर्मचारी' हा तर फारच नाजूक शब्द. चाकणसारख्या ठिकाणी कायम कामगारांच्या शेजारी कंत्राटी कामगारही असतात आणि कंत्राटी मुलाला तो शब्द ऐकून वाटतं, हे आपल्यासाठी नाहीच. पुढे 'बाधित कर्मचारी' असंही होतं. मूळ अर्थ होता, ते मशीन चालवणारी किंवा त्याच्या आसपास काम करणारी माणसं. मराठीत बाधित म्हणजे पुरानं, रोगानं किंवा भुतानं!

मी त्या मुलीला विचारलं, "हेच तू तुझ्या आईला फोनवर सांगितलं असतंस, तर कसं सांगितलं असतंस?" ती जरा चाचरत म्हणाली, "मशीन बंद कर, लॉक लाव, मग चालू करून बघ, होत नाही ना, मग हात घाल." मी म्हटलं, झालं की भाषांतर! घरात ऐकून आलेलं आपलं मराठी कच्चं आहे असं तिला वाटत होतं, पण इथे हवं होतं ते नेमकं तेच.

मग आम्ही दोघांनी बसून ते वाक्य मोडलं. त्या एका वाक्याच्या पोटात सहा कामं होती आणि ती ज्या क्रमानं करायची, त्याच क्रमानं सांगितली:

'मशीनमध्ये हात घालायच्या आधी आजूबाजूच्या सगळ्यांना सांगा. मशीन बंद करा. मेन स्विच खाली करा, हवेचा वॉल्व्ह बंद करा. दोन्हीकडे आपलं कुलूप आणि टॅग लावा. आत उरलेली हवा सोडून द्या. कुणी जवळ नाही ना ते बघा आणि स्टार्टचं बटण दाबून बघा. मशीन हललं नाही, तर बटण परत बंदवर आणा. मगच हात घाला.'

यात मशीन, स्विच, वॉल्व्ह, टॅग हे शब्द तसेच ठेवले, कारण कारखान्यात तेच बोलले जातात. 'लॉकआउट' हा शब्दही ठेवला, कारण टॅगवर आणि फॉर्मवर तोच छापलेला असतो. फक्त सुरुवातीला एकदा सांगितलं की लॉकआउट म्हणजे मशीन बंद करून त्याला कुलूप घालणं. शेवट 'केले'ऐवजी 'केलं', 'करावयाचे'ऐवजी 'करायचं' असे लिहिले. आवाज देणारा कलाकार समोर जे लिहिलंय तेच वाचतो. 'केले' लिहिलं की तो बातम्या देतो आणि 'केलं' लिहिलं की बोलतो.

आमचा मजकूर लांब झाला. बोलीभाषा नेहमी आटोपशीर असते हा समज खरा नाही. एका गच्च वाक्याची आठ-दहा झाली, तेव्हा वेळ जास्त लागणारच. पडद्यावरचं चित्र काही सेकंद थांबवून धरावं लागलं आणि ती भरपाई प्रस्तावनेतल्या 'सामूहिक बांधिलकी'ला कात्री लावून केली.

पुढचं वाक्य होतं, दुसऱ्याचं कुलूप कधीही काढू नका. दिसायला सोपं आहे. पण मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. फिल्म दाखवायची जागा मशीनच्या आवाजापासून फार लांब नव्हती. त्या घरघरीत शेवटचा 'नका' बुडाला, तर उरतं काय? 'दुसऱ्याचं कुलूप कधीही काढू...' इंग्रजीत 'नेव्हर' आधीच कानावर पडतो, आपला 'कधीही' मात्र एकटा पडला की उलटा अर्थही देतो. म्हणून नकारानंतर तीच गोष्ट सरळ बाजूनंही सांगितली: 'दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं.' पहिल्यातला 'नाही' ऐकू आला नाही तरी दुसरं वाक्य काम करतं.

आता खरी अडचण ऐका. कंपनीची पद्धत अशी की मराठी मजकूर तिसऱ्याच माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. एजन्सीचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा परत आला, कारण शब्दाला शब्द ठेवला की तो परत फिरवायलाही सोपा. आमचा मजकूर बदलून आला आणि वरच्या ऑफिसनं विचारलं, यात 'ऊर्जा' कुठे गेली?

मला आधी राग आला. मग लक्षात आलं की त्यांचं बरोबर आहे. डोळ्यांसमोर एकच प्रेस धरून मी फक्त वीज आणि हवा लिहिली होती. फिल्म सगळ्या मशीनसाठी होती. सोपं करताना मी अर्थ अरुंद केला होता. 'संचयित ऊर्जा' मात्र परत आणायची नव्हती, म्हणून तिथे ती उलगडून लिहिली: 'मेन बंद केला म्हणजे मशीन मेलं असं नाही. त्याच्यात जोर उरलेला असतो. स्प्रिंग ताणलेली असते, पाइपात हवा किंवा तेल दाबाखाली असतं, वर उचललेला भाग खाली येऊ शकतो, गरम भाग गरमच असतो. तो जोर आधी काढा.' मजकुरासोबत एक तक्ताही दिला. एका बाजूला कामगाराला कळायलाच हवी अशी प्रत्येक गोष्ट, दुसऱ्या बाजूला ती मराठीत कुठे आली आहे. शब्दांऐवजी त्या गोष्टी जुळवून बघा म्हटल्यावर वरच्या ऑफिसनंही मानलं.

पण कागदावर जुळलेलं कानात उतरलं का, हे कसं कळणार? चाकणच्या ट्रेनिंग विभागानं मशीनवर काम करणाऱ्या चौघांना फोनवर आणलं. एक लातूरचा, एक यवतमाळचा, दोघे आसपासच्या गावातले. मजकूर एकदाच वाचला. 'समजलं का?' असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी 'हो सर' असतं. विचारलं, "उद्या माल अडकला तर काय काय कराल, सांगा बघू."

तिघांनी नीट सांगितलं. लातूरचा मुलगा म्हणाला, "मेन खाली करीन, वॉल्व्ह बंद करीन, आपलं कुलूप लावलेलं आहे का बघीन."

मी विचारलं, "आपलं म्हणजे कुणाचं?"

"आपल्या लाइनचं, सर. आपल्या डिपार्टमेंटचं."

मी गप्पच झालो. चूक त्याची नव्हती. मराठीत 'आपण' म्हणजे आदरानं तुम्ही आणि आपण म्हणजे मी नि तुम्ही मिळून सगळे. 'आपलं घर', 'आपलं गाव', तसंच 'आपलं कुलूप'. या पद्धतीचा सगळा कणा हा की मशीनवर जितकी माणसं, तितकी कुलपं. दुसऱ्याच्या कुलपावर विसंबून आत हात घातला आणि तो आपलं काम संपवून कुलूप काढून गेला, तर आतल्या माणसाचं काय होईल? एजन्सीच्या बोजड मजकुरावर हसलेल्या मी, सहज बोलल्यासारख्या एका शब्दात, तो कणाच मोडून ठेवला होता.

त्या मुलाचे आभार मानले आणि शेवटचा बदल केला. सांगताना सगळीकडे 'आपण' काढून 'तुम्ही' केलं. 'आपलं कुलूप'च्या जागी आता आहे, 'स्वतःचं कुलूप लावा. चौघे काम करत असाल तर चार कुलपं. किल्ली स्वतःच्या खिशात.'

मग तेच पुन्हा वाचून दाखवलं आणि लातूरच्या मुलाला विचारलं, "आता सांग, शेजाऱ्यानं कुलूप लावलंय, तू काय करशील?"

तो म्हणाला, "त्याचं त्याला, सर. माझं मी लावणार."