कर भरला, पण चुकीच्या हेडमध्ये. भुर्दंड व्यापाऱ्यालाच का?

समजा, घाटकोपरच्या व्यापाऱ्याने सुरतच्या दुकानदाराला १ लाखाचा माल पाठवला. १८ टक्क्यांनी आयजीएसटीचे १८ हजार भरायचे होते. चुकून सीजीएसटी आणि एसजीएसटीचे प्रत्येकी ९ हजार रिटर्नमधून भरले गेले. रक्कम तेवढीच, मग फक्त हेड बदलता येत नाही का?

नाही. कॅश लेजरमध्ये शिल्लक असलेली रक्कमच PMT-09 ने दुसऱ्या हेडमध्ये वळवता येते. रिटर्नमध्ये वापरली गेलेली नाही. कलम ७७ नुसार आधी आयजीएसटीचे १८ हजार भरावे लागतात. त्यावर व्याज नाही. मग RFD-01 भरून आधीचे १८ हजार परत मागायचे. मुदत आयजीएसटी भरल्यापासून दोन वर्षे. चूक अधिकाऱ्यानेच काढलेली हवी असे नाही. व्यापाऱ्याला स्वतःला सापडली तरी परतावा मिळतो, हे सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे.

एसजीएसटी महाराष्ट्राकडे गेला, तर आयजीएसटीतला राज्याचा वाटा गुजरातचा. पण आयजीएसटीचा हिशेब केंद्र आणि राज्ये आपसात मिटवतातच. हाही तिथेच मिटवावा. परतावा येईपर्यंत छोट्या व्यापाऱ्याचे १८ हजारांचे भांडवल अडकवणे योग्य नाही.